शंभराजवळचे गुणाकार आणि पाचने संपणाऱ्या संख्यांचे वर्ग: पडताळा चुकीच्या उत्तरालाही बरोबर म्हणतो, असे का?

चोपड्याचे_मास्तर

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात सातवीला गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात तोंडी हिशेबाच्या तासासाठी मी एका पानाची सरावपत्रिका तयार केली. वरच्या अर्ध्या भागात ३५, ६५, ८५ आणि ११५ यांचे वर्ग काढायचे होते. खालच्या भागात ९७ × ९४, ९८ × ९७, ८८ × ८७, १०७ × १०८ आणि १०४ × ९७ असे शंभराच्या आसपासचे गुणाकार होते. प्रत्येक भागाच्या डोक्यावर एकेक उदाहरण सोडवून दाखवले होते, परंतु ती युक्ती का चालते याविषयी मी एक ओळही लिहिली नव्हती, आणि आता वाटते की तिथेच माझे चुकले.

वरच्या भागासाठी दिलेली कृती अशी होती: पाचाच्या आधी जो आकडा असेल त्याला त्याच्या पुढच्या आकड्याने गुणावे आणि त्यापुढे २५ लिहावे. म्हणजे ६५ साठी ६ × ७ = ४२, म्हणून ४२२५. खालच्या भागासाठी असे सांगितले होते: दोन्ही संख्या शंभराला किती कमी पडतात ते पाहावे, एका संख्येतून दुसरीची तूट वजा करून डावा भाग लिहावा आणि दोन्ही तुटींचा गुणाकार उजवीकडे लिहावा. म्हणजे ९७ × ९४ साठी तूट ३ आणि ६, डावीकडे ९७ − ६ = ९१, उजवीकडे १८, म्हणून ९११८.

वर्गांचा भाग जवळजवळ सर्वांना जमला. खालच्या भागात मात्र चौतीसपैकी एकवीस मुलांनी ९८ × ९७ चे उत्तर ९५६ लिहिले, निम्म्याहून अधिक मुलांनी ८८ × ८७ चे उत्तर ७५१५६ लिहिले आणि १०४ × ९७ चे उत्तर बऱ्याच वह्यांत १०११२ असे आले.

चुका होतातच. मला खरा धक्का पुढे बसला. मी मुलांना अंकांची बेरीज करून पडताळा घ्यायला शिकवले आहे, ज्याला आमच्याकडे बीजांक काढणे म्हणतात. एक मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘सर, ९८ चा बीजांक ८, ९७ चा ७, गुणाकार ५६, त्याचा २. माझे उत्तर ९५६, त्याचाही बीजांक २. मग चूक कशी?’ मी खडू हातात धरून क्षणभर गप्प राहिलो. ७५१५६ चाही पडताळा जुळतो, हे मी घरी आल्यावर करून पाहिले. याचे कारण काय, आणि बीजगणित न शिकलेल्या मुलांना या दोन्ही युक्त्यांमागचे कारण कसे सांगावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

गिरणाकाठ

मास्तर, मी चाळीसगावला शिकवणी घेतो आणि हा विषय दरवर्षी घेतो. तुमच्या पत्रिकेत ८८ × ८७ द्यायलाच नको होते. शंभराजवळची युक्ती ही फक्त तूट दहाच्या आत असेपर्यंतच लागू पडते. उजवीकडे तीन अंकी उत्तर आले की समजावे, ही युक्ती इथे चालत नाही आणि सरळ उभा गुणाकार करावा. ९८ × ९७ साठी मुलांना एवढेच सांगायचे की एक अंक आला तर त्याच्या आधी शून्य लावा. कारण सांगत बसले तर मुले गोंधळतात, हा माझा अनुभव आहे.

तसेच वरच्या भागात एक भर घालता येईल. पाचने संपणाऱ्या कुठल्याही दोन संख्यांना ही कृती चालते, केवळ वर्गालाच नव्हे. मोठ्या संख्येचा पहिला आकडा एकाने वाढवायचा आणि पुढे २५.

धुळेकर_आई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारते. माझी मुलगी पाचवीत आहे आणि शिष्यवृत्तीची तयारी करते. ती ६५ चा वर्ग एका ओळीत लिहिते आणि शाळेच्या घटक चाचणीत तिचे गुण कापले जातात, कारण पायऱ्या दाखवलेल्या नाहीत. ही युक्ती परीक्षेत चालते की नाही?

चोपड्याचे_मास्तर

ताई, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पर्याय निवडायचा असतो, त्यामुळे तिथे पायऱ्यांचा प्रश्नच येत नाही. मात्र तिथेच एक सापळा असू शकतो, कारण पर्याय देणाऱ्याला ९५६ ही चूक ठाऊक असेल तर तो ९५६ आणि ९५०६ हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी देऊ शकतो. घटक चाचणीत मात्र मुलीने ‘६० × ७० + २५’ एवढी एक ओळ लिहिली तरी मला ती पायरी म्हणून पुरेशी वाटेल. शिक्षकांना मात्र आधी विचारून घ्यावे.

तापीकाठ

मी भुसावळला महाविद्यालयात गणित शिकवत असे, आता निवृत्त आहे. मास्तरांच्या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत आणि ते मी क्रमाने घेतो, कारण पहिला कळला की तिसरा आपोआप सुटतो.

पहिला तुकडा वर्गाचा. मुलांना चौकटींच्या वहीवर ६५ चौकटी लांब आणि ६५ चौकटी रुंद असा चौरस काढायला सांगा. कागद पुरत नसेल तर २५ चा चौरस काढा, गोष्ट तीच आहे. उजव्या कडेची पाच चौकटी रुंदीची उभी पट्टी कात्रीने कापून काढा. आता उरलेला तुकडा ६० रुंद आणि ६५ उंच आहे, आणि हातात ५ रुंद व ६५ लांब अशी पट्टी आहे. ती पट्टी आडवी करून उरलेल्या तुकड्याच्या डोक्यावर ठेवा. खालचा तुकडा ६० रुंद आणि पट्टी ६५ लांब, म्हणून पट्टीचे एक टोक पाच चौकटींनी बाहेर येईल. बाहेर आलेले ते टोक कापा. खाली ६० रुंद आणि ७० उंच असा नीट आयत उरतो आणि हातात पाच बाय पाचचा लहानसा चौकोन राहतो. आयतात ६ × ७ शतके आहेत, म्हणजे ४२०० चौकटी, आणि चौकोनात २५. युक्तीत सांगितलेला ‘पुढचा आकडा’ कुठून आला हे मुलाला आता कात्रीने दिसते: एका बाजूने पाच गेले, म्हणून साठ झाले, आणि तेच पाच दुसऱ्या बाजूला चढले, म्हणून सत्तर झाले.

हे करून झाल्यावर मुलांना मुद्दाम ६४ चा चौरस द्या. चारची पट्टी कापून वर ठेवली तर ६० × ६८ चा आयत आणि १६ चा चौकोन मिळतो. हेही अगदी बरोबर आहे, परंतु ६० × ६८ तोंडी करताना पुन्हा अडखळायला होते. पाचाचे वैशिष्ट्य एवढेच की तो दहाचा बरोबर अर्धा असल्यामुळे कमी केल्यावरही पूर्ण दशक मिळते आणि वाढवल्यावरही पूर्ण दशक मिळते. ज्यांना अक्षरे चालतात त्यांच्यासाठी: (१०अ + ५)² = १०० × अ × (अ + १) + २५. यातला अ एक अंकीच असावा अशी कुठलीही अट नाही, म्हणून ११५ साठी ११ × १२ = १३२ आणि उत्तर १३२२५.

दुसरा तुकडा शंभराजवळच्या गुणाकाराचा. शंभर हात लांब आणि शंभर हात रुंद असे एक शेत घ्या. त्याचे दहा हजार चौरस हात, म्हणजे शंभर शतके. एका बाजूने तीन हात रुंदीचा पट्टा रस्त्यासाठी गेला: तीन शतके गेली. दुसऱ्या बाजूने सहा हात रुंदीचा पट्टा पाटासाठी गेला: सहा शतके गेली. शंभरातून तीन आणि सहा गेले, उरली एक्याण्णव शतके. तुमच्या कृतीत ९७ मधून ६ वजा केले तेही हेच आहे, आणि ९४ मधून ३ वजा केले तरी तेच. परंतु जिथे रस्ता आणि पाट एकमेकांना छेदतात तो तीन बाय सहाचा कोपरा आपण दोनदा वजा केला, एकदा रस्त्यात आणि एकदा पाटात. जमीन तर एकदाच गेली. म्हणून ते अठरा चौरस हात परत द्यायचे. ९१०० आणि १८, एकूण ९११८.

इथे थांबून मुलांकडून एक वाक्य वदवून घ्या: डावीकडचा आकडा शतकांचा आहे आणि उजवीकडचा सुट्यांचा आहे. ९१ आणि १८ हे शेजारी चिकटवलेले दोन आकडे नाहीत, तर ९१०० मध्ये १८ मिळवलेले आहेत. शतकांच्या उजवीकडे दशक आणि एकक अशी दोनच घरे असतात. ९८ × ९७ मध्ये सुटे ६ आहेत, दशकाचे घर रिकामे आहे, म्हणून ९५०६. ८८ × ८७ मध्ये सुटे १५६ झाले, त्यातले शंभर हे एक पूर्ण शतक आहे, ते डावीकडच्या ७५ शतकांत जाऊन ७६ झाले, उरले ५६, म्हणून ७६५६.

तेव्हा गिरणाकाठ यांच्याशी मी सहमत नाही. तीन अंक आले म्हणून युक्ती बिघडत नाही. शेताचे चित्र तुटीच्या लहान-मोठेपणावर अवलंबून नाही. ७३ × ६८ घेतले तरी तुटी २७ आणि ३२, डावीकडे ४१, उजवीकडे ८६४, म्हणजे ४१०० + ८६४ = ४९६४, आणि उभा गुणाकार करून पाहिला तर हेच येते. मर्यादा आहे ती वेगळी आहे: २७ × ३२ तोंडी करणे हे मूळ गुणाकाराइतकेच जड आहे, म्हणून युक्ती खरी राहूनही निरुपयोगी होते. चुकीची होणे आणि निरुपयोगी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि मुलांना त्या निराळ्याच सांगाव्यात. वर्गाच्या युक्तीत मात्र उजवीकडे नेहमी २५ च येतात, ते दोन घरांत बरोबर मावतात, शून्यही लागत नाही आणि हातचाही येत नाही. मास्तरांच्या पत्रिकेत वरचा भाग सर्वांना जमला आणि खालचा फसला याचे कारण माझ्या मते हेच आहे. वरच्या भागाने मुलांना ‘आकडे शेजारी लिहायचे’ ही सवय लावली आणि खालच्या भागाने त्या सवयीची परीक्षा घेतली.

तिसरा तुकडा पडताळ्याचा. तो जेवणानंतर लिहितो.

औटकी

मी अमळनेरचा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आमच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणून घेत असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ही वर्गाची युक्ती आम्हाला कुणी युक्ती म्हणून सांगितली नाही, ती कापसाच्या आणि भुईमुगाच्या हिशेबात आपोआप येत असे. साडेसहाच्या भावाने साडेसहा मण माल घेतला तर सहा साते बेचाळीस आणि वर पाव, म्हणजे सव्वा बेचाळीस रुपये. साडेआठला साडेआठ: आठ नव्वे बहात्तर, सव्वा बहात्तर. साडेतीनला साडेतीन: सव्वा बारा. वडील दुकानात बसून हे असे म्हणत असत की जणू तो पाढाच आहे.

तापीकाठ यांनी कात्रीने जे दाखवले ते आमच्या भाषेत असे: एका साडेसहातला अर्धा काढून दुसऱ्या साडेसहाला दिला, तर सहा आणि सात झाले, आणि अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव बाजूला उरला. ६५ चा वर्ग हा साडेसहाचा वर्ग शंभरपट आहे, म्हणून पावाचे पंचवीस होतात. ‘पुढे २५ लिहा’ असे सांगण्यापेक्षा ‘वर पाव’ असे सांगितले तर मुलांना ते पंचवीस कुठून आले हे कळेल असे मला वाटते. अर्थात आता मुलांना सव्वा आणि पाऊण तरी येतात की नाही, देव जाणे.

तापीकाठ

औटकी आजोबांनी फार नेमके सांगितले. ‘वर पाव’ हे मी कधी वर्गात वापरले नाही याचे वाईट वाटते.

आता पडताळा. बीजांक काढणे म्हणजे नऊने भागून उरणारी बाकी पाहणे. दहाला नऊने भागले तर बाकी एक, शंभराला भागले तरी एक, हजाराला भागले तरी एकच. म्हणून एखादा अंक एककाच्या घरात असो, दशकाच्या असो की हजाराच्या, बीजांकाला काहीच फरक पडत नाही. तो अंक पाहतो, घर पाहत नाही. ९५६ आणि ९५०६ यांत अंक तेच आहेत, फक्त घरे सरकली आहेत. ७५१५६ लिहिणाऱ्याने ७५ ला शतकांऐवजी हजारांच्या घरात नेऊन बसवले, पण ७५ शतके आणि ७५ हजार यांची नऊची बाकी एकच असते. म्हणजे या सरावपत्रिकेत मुलांकडून जी चूक सर्वांत अधिक होणार, नेमकी तीच बीजांकाला दिसत नाही. मास्तरांच्या विद्यार्थ्याचा पडताळा चुकला नव्हता, तो पडताळाच त्या कामाचा नव्हता.

त्या मुलांची तिसरी चूक मात्र त्याला पकडता येते. १०४ × ९७ मध्ये १०४ चा बीजांक ५, ९७ चा ७, गुणाकार ३५ म्हणजे ८. मुलांनी लिहिलेल्या १०११२ चा बीजांक ५ येतो, जुळत नाही. कारण इथे घर चुकलेले नाही, चिन्ह चुकलेले आहे.

घराची चूक पकडायची असेल तर अकराची बाकी पाहावी. उजवीकडून सुरुवात करून अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. ९५०६ साठी ६ − ० + ५ − ९ = २. ९८ ची अकराने बाकी १०, ९७ ची ९, गुणाकार ९०, त्याची बाकी २. जुळले. ९५६ साठी ६ − ५ + ९ = १०. जुळत नाही. ८८ × ८७ तर आणखी सोपे आहे: ८८ हे अकराच्या पाढ्यातले आहे, म्हणून उत्तरालाही अकराने भाग गेलाच पाहिजे. ७६५६ साठी ६ − ५ + ६ − ७ = ०, भाग जातो. ७५१५६ साठी ६ − ५ + १ − ५ + ७ = ४, जात नाही.

परंतु सातवीच्या मुलाला अकराची बाकी शिकवण्यापूर्वी मी त्याला एकच प्रश्न विचारेन: ९८ × १०० किती? ९८००. मग ९८ × ९७ हे त्याहून थोडेसे कमी असले पाहिजे. ९५६ हे थोडेसे कमी आहे का?

केळीबाग_रावेर

मी केळीच्या व्यवहारातला माणूस आहे, मास्तर नाही. क्विंटलला १०४० रुपये भाव धरला आणि माल ९७ क्विंटल भरला, तर मी शंभर क्विंटलचे १,०४,००० धरतो आणि तीन क्विंटलचे ३,१२० कमी करतो, म्हणजे १,००,८८०. यात तूट, कोपरा, उजवा भाग, डावा भाग काही लागत नाही. भाव १०४० ऐवजी १३७५ असला तरी माझी रीत चालते, तुमची पत्रिका तिथे थांबते. मग मुलांना हेच का शिकवत नाही? माझा मुलगा सातवीतच आहे आणि त्याच्या वहीत असल्या दोन कप्प्यांच्या रेघा पाहून मला काही उमजत नव्हते, म्हणून हा धागा वाचायला आलो.

तापीकाठ

जिभाऊ, तुमची रीत अगदी पक्की आहे, आणि दोन संख्यांपैकी एकच शंभराजवळ असेल तेव्हा तीच वापरावी. खरे तर तुमच्या रीतीतच मास्तरांच्या तिसऱ्या चुकीचे उत्तर दडले आहे. १०४ × ९७ घ्या. १०४ शतकांतून तीन वेळा १०४ वजा करायचे, म्हणजे १०४०० − ३१२. हे ३१२ म्हणजे ३०० आणि १२. तीनशे वजा केल्यावर १०१ शतके उरतात, हा झाला पत्रिकेतला डावा भाग. आणि ते १२ देखील वजाच करायचे आहेत, म्हणून १०१०० − १२ = १००८८. एक संख्या शंभराच्या वर आणि एक खाली असली की कोपरा परत मिळत नाही, तो आणखी द्यावा लागतो. चित्रात सांगायचे तर शेत एका बाजूने चार हात वाढवले आणि मग दुसऱ्या बाजूने तीन हातांचा पट्टा गेला, तो वाढवलेल्या भागातूनही गेला. दोन्ही संख्या शंभराच्या वर असतील तर कोपरा वाढीचाच असतो, म्हणून १०७ × १०८ मध्ये ११५०० आणि ५६ मिळून ११५५६.

दोन्ही संख्या शंभराजवळ असतील तेव्हा मात्र दोन लहान आकड्यांचा गुणाकार करणे हे ३ × ९४ करून २८२ वजा करण्यापेक्षा हलके जाते, एवढाच त्या पत्रिकेचा फायदा आहे.

गिरणाकाठ

तीन अंकांबाबत माझे म्हणणे चुकीचे होते हे मान्य करतो. ७३ × ६८ स्वतः करून पाहिले. पाचने संपणाऱ्या दोन वेगळ्या संख्यांबाबत मात्र मी ठाम आहे, ६३ × ६७ सारख्या उदाहरणांत तर ते चालतेच: ६ × ७ = ४२, ३ × ७ = २१, उत्तर ४२२१.

तापीकाठ

६३ × ६७ बरोबर आहे, परंतु त्याची अट वेगळी आहे: दशक सारखे हवे आणि एककांची बेरीज दहा हवी. तिथे ६३ मधली तीनची पट्टी कापून दुसऱ्या बाजूच्या सत्तावन्न किंवा सदुसष्टवर चढवली तर बरोबर सत्तर होतात आणि ३ × ७ चा कोपरा बाजूला राहतो.

(दुरुस्ती: वर ‘सत्तावन्न किंवा’ हे शब्द चुकून राहिले, फक्त सदुसष्ट वाचावे. चष्मा बदलायला हवा.)

दशक वेगळे असेल तर मात्र तुमची रीत चालत नाही. ३५ × ४५ तुमच्या रीतीने ३ × ५ = १५ आणि पुढे २५, म्हणजे १५२५. खरे उत्तर १५७५ आहे. ३५ × ७५ तुमच्या रीतीने ३ × ८ = २४, म्हणजे २४२५, आणि खरे उत्तर २६२५. पाचने संपणाऱ्या कुठल्याही दोन संख्यांसाठी असे करावे: आधीच्या आकड्यांचा गुणाकार, त्यात त्याच दोन आकड्यांच्या बेरजेचे अर्धे मिळवावे, आणि ती शतके धरून वर २५. ३५ × ७५: २१ आणि १० चे अर्धे ५, म्हणजे २६ शतके आणि २५. ३५ × ४५: १२ आणि ७ चे अर्धे साडेतीन, म्हणजे साडेपंधरा शतके आणि २५, म्हणून १५७५. दोन्ही आकडे सारखे असले की बेरजेचे अर्धे हे त्या आकड्याइतकेच होते, आणि ६ × ६ मध्ये ६ मिळवणे म्हणजेच ६ × ७. म्हणून वर्गात ‘पुढच्या आकड्याने गुणा’ हा सोपा नियम हाती लागतो, एरवी नाही.

गिरणाकाठ

हे पाहिले. माझ्या वह्यांत हा नियम तीन वर्षे चुकीचा लिहिलेला आहे आणि सगळी उदाहरणे नेमकी सारख्या दशकाची असल्यामुळे कुणालाच सापडला नाही. उद्या पान बदलतो.

बाकी मी चाळीसगावचा असल्यामुळे एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा आहे, शके ११२८ चा, आणि त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. त्याच भास्कराचार्यांच्या सन ११५० च्या लीलावतीत वर्ग काढण्याच्या रीतींमध्ये एक अशी आहे: आपल्या सोयीची एखादी संख्या घ्या, ती मूळ संख्येतून वजा करा, मूळ संख्येत मिळवा, त्या दोघांचा गुणाकार करा आणि सोयीच्या संख्येचा वर्ग त्यात मिळवा. ६५ ला सोयीची संख्या ५ घेतली की ६० × ७० आणि २५. तापीकाठ यांची कात्री तीच आहे. माझ्या शिकवणीच्या पत्रकावर मी याला ‘वैदिक गणित’ असे छापत आलो आहे.

तापीकाठ

त्या नावाने जे पुस्तक प्रसिद्ध आहे ते १९६५ साली आले, आणि त्यातली सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत सापडत नाहीत. पत्रकावर लीलावती छापा, आणि पाटणे तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे तर मुलांना घेऊनही जा. या विषयावर याहून अधिक इथे नको, धागा भरकटेल.

चोपड्याचे_मास्तर

सर्वांचे आभार. आज वर्गात शेताचे चित्र काढले आणि रस्ता व पाट जिथे छेदतात तो कोपरा रंगीत खडूने दोनदा रेघाळला. तेव्हा बीजांक घेऊन आलेला तो मुलगाच म्हणाला की हा तुकडा दोनदा कापला गेला.

पत्रिका नव्याने केली आहे. वर्गाच्या भागात ३५ आणि ६५ नंतर आता ९५ आणि १०५ टाकले आहेत, कारण ते दोन्ही रीतींनी सोडवता येतात. ९५ साठी वर्गाच्या रीतीने ९ × १० = ९०, म्हणून ९०२५, आणि शंभराच्या रीतीने ९५ − ५ = ९० शतके व ५ × ५ = २५, पुन्हा ९०२५. १०५ साठी एकीकडे १० × ११ आणि दुसरीकडे १०५ + ५, दोन्हीकडे ११० शतके, उत्तर ११०२५. ८५ हेही ठेवले आहे, कारण तिथे शंभराच्या रीतीने ७० शतके आणि २२५ येतात, आणि ते २२५ मोडून ७२ शतके आणि २५ करावेच लागतात. हातच्याची गरज मुलांना तिथे पहिल्यांदा भेटेल आणि उत्तर ७२२५ आहे हे त्यांना आधीच ठाऊक असेल.

खालच्या भागात उत्तरासाठी एक जागा देण्याऐवजी मी ‘___ शतके + ___ = ___’ असे छापले आहे. यावर एक शंका मात्र उरते. हे छापले म्हणजे शून्य आणि हातचा यांची चूक होणारच नाही, पण मग ती गोष्ट मुलाच्या डोक्यात गेली की केवळ छापील रेघेने सांभाळली, हे मला कळणार कसे?

औटकी

पहिल्या चार उदाहरणांना रेघ छापा आणि पुढच्या चारांना छापू नका.

तापीकाठ

मी उलट करेन. आधी रेघ न देता चार उदाहरणे, चुका होऊ द्याव्यात, आणि मग ९८ × १०० शी तुलना करून त्यांनाच शोधायला लावावे. अर्थात माझ्यासमोर सतरा वर्षांची मुले असत, बारा वर्षांची नव्हेत, तेव्हा मास्तरांनीच ठरवावे.

केळीबाग_रावेर

काल रात्री मुलाला ९६ × ११२ घातले. मी माझ्या रीतीने ११,२०० मधून ४४८ वजा करून १०,७५२ काढून ठेवले होते. त्याने दोन कप्प्यांची रेघ मारली, १०८ शतके आणली, ४ × १२ = ४८ केले आणि ते मिळवून १०८४८ लिहिले. मी काही बोललो नाही. त्याने बीजांक काढला: ९६ चा ६, ११२ चा ४, गुणाकार २४ म्हणजे ६, आणि उत्तराचा ३. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसला आणि म्हणाला, ‘पप्पा, एक वर आहे आणि एक खाली आहे.’ ४८ खोडून १०८०० मधून वजा केले.

आता तो विचारतो की ९९७ × ९९४ असेल तर उजवीकडे किती घरे ठेवायची. मी सांगितले, तीन असतील, पण मास्तरांना विचारून सांगतो.

चोपड्याचे_मास्तर

तीनच, जिभाऊ. हजाराच्या उजवीकडे तीन घरे असतात: ९९१ आणि ०१८, म्हणून ९,९१,०१८. त्याला विचारा की ९९७ × ९४ असेल तर काय करायचे. ते मी अजून पत्रिकेत घातलेले नाही.